मुंडी हालवून पाहणारी

आमच्या घरात मला सर्वांत जास्त वेळा सांगितली गेलेली गोष्ट म्हणजे "मुंडी सीधी ठेव." खोटं बोलू नको, अभ्यास कर, मोठ्यांच्या पाया पड, हे सगळं त्यानंतर. आई हे वाक्य इतक्या सरावानं म्हणायची की कधीकधी माझी मुंडी सरळ असतानाही म्हणून जायची.

माझा डावा डोळा धानानं नेला. मळणी चालू होती, मी खळ्यात खेळत होते, आणि एक कुसळ उडून डोळ्यात गेलं. आमच्या मोहाडीकडच्या गावांत हे काही नवल नाही. धानाच्या गावात कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यात कुसळ जातंच. मग शेजारणीनं पदराच्या टोकानं काढून पाहिलं, कुणी दूध सोडलं, कुणी फुंकर घातली, आणि सगळ्यांचे उपाय संपल्यावर मला भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. तोवर डोळ्यात फूल पडलं होतं. ज्या धानावर आम्ही जगलो त्यानं एवढं तर घ्यावंच, असं माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, फार समजूतदारपणे सांगत. त्यांचे दोन्ही डोळे ठणठणीत होते.

एका डोळ्याच्या माणसाला दिसत सगळं असतं. फक्त कोणती वस्तू जवळ आणि कोणती दूर, हे चटकन कळत नाही. दोन डोळेवाल्यांना आपल्याला हे कळतं, हेच कळत नाही. मी पाच-सहा वर्षांची असतानाच त्यावर उपाय शोधला, म्हणजे तो आपोआप सापडला: मुंडी डावी-उजवी हालवायची. दोन वस्तू एकामागे एक असल्या, की मुंडी हालवली की त्या एकमेकींपासून सरकतात. सुईत दोरा ओवताना, विहिरीत बालटी सोडताना, कपात चहा ओतताना मी मुंडी हालवायची. गावातली पोरं मला नंदीबैल म्हणत. आईला पोरांचं काही वाटत नसे. तिला वाटे ते पाहुण्यांचं. "डोळा तर लपत नाई, मुंडी तरी नको हालवू. पाहाले येणारे का म्हणतीन?" मी तेव्हा तिसरीत होते.

म्हणून मी लोकांसमोर मुंडी ताठ ठेवायला शिकले, आणि लोकांसमोर सांडायलाही शिकले. पाहुण्यांपुढे चहा ओतला की बशी भरायची. पाहुणे गेले की सगळं बरोबर कपात.

दहावीला चांगले टक्के पडले आणि मी सायन्स घेते म्हणाले, तेव्हा घरात सभा भरली. मोठेबाबांचं म्हणणं असं, की एक डोळा आहे, तोही ॲसिडात घालवशील. वडील म्हणाले, पोरगी हुशार आहे. शेवटी मला मोहाडीच्या कॉलेजात अकरावी-बारावीपुरतं सायन्स मिळालं, आणि पुढचं असं ठरलं की बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरून जो सर येईल त्यानं जर सांगितलं की हिला प्रयोग जमतात, तरच बी.एस्सी.ला भंडाऱ्याला. नाहीतर कोंढ्याकडचं एक स्थळ मोठेबाबांच्या खिशात होतंच. आमच्या फिजिक्सच्या सरांनी मध्यस्थी करून ही अट मान्य केली होती. घरच्या सरांवर विश्वास नव्हता, बाहेरच्यावर होता. घरच्या माणसाचा शब्द आमच्याकडे नेहमीच थोडा स्वस्त.

तर आता बारावीच्या अंतर्वक्र आरशाच्या प्रयोगाची गोष्ट. लांब पट्टी असलेलं एक लोखंडी बाक, त्याला ऑप्टिकल बेंच म्हणतात. त्यावर एका टोकाला आरसा, आणि त्याच्यासमोर सरकत्या स्टँडवर दोन पिना. जवळच्या पिनेची आरशात प्रतिमा पडते, ती उलटी, टोक खाली. ही प्रतिमा आरशाच्या आत नसते. ती आरशाच्या पुढे, हवेत असते. दुसरी पिन उभी, टोक वर, बरोबर त्या हवेतल्या प्रतिमेच्या जागी नेऊन ठेवायची. आता हवेतली जागा शोधायची कशी? सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं, "पिनेच्या हातभर मागे या. एक डोळा बंद करा. टोकाला टोक लावा. आता डोकं डावीकडे-उजवीकडे हालवा. दोन्ही टोकं एकमेकांपासून सरकली, तर दोघं वेगवेगळ्या जागी आहेत. जे तुमच्यासोबत सरकल्यासारखं वाटते ते दूरचं, जे उलटं जाते ते जवळचं. पिन पुढे-मागे करत राहा. सरकणं थांबलं, दोघं जोडीनंच हालले, की पिन आणि प्रतिमा एका जागी. याला पॅरॅलॅक्स काढणं म्हणतात."

मी सरांकडे पाहतच राहिले. माझ्या जन्मभराच्या खोडीला नाव होतं, आणि त्याला मार्क होते.

सगळ्या वर्गानं एक डोळा मिटला. काहींना एक मिटता येईना, दोन्ही मिटत. एकीनं रुमाल बांधला. मला काही मिटायचं नव्हतं. मग सगळ्यांनी मुंड्या हालवायला सुरुवात केली आणि प्रयोगशाळेत पोळ्याच्या बैलांची रांग उभी राहिल्यासारखं दिसू लागलं. मला इतकं हसू आलं की सरांनी मलाच बाहेर काढलं. आत आले तेव्हा बहुतेकांच्या मानेचे स्नायू दुखत होते आणि पिना जिथल्या तिथं होत्या. माझी पिन मिनिटभरात बसली. पहिल्यांदाच आयुष्यात मी दोन डोळेवाल्यांपेक्षा पुढे होते, आणि ते मला अतिशय आवडलं. खोटं कशाला बोलू.

वर्गानं मात्र लवकरच सोपा रस्ता शोधला. तो त्यांनी शोधला असंही नाही, तो वारशानं आला होता. प्रयोगात काढायची असते ती आरशाची फोकल लेंथ, म्हणजे नाभीय अंतर, आणि आमच्या आरशाचं ते पंधरा सेंटिमीटर आहे, हे गावातल्या चहावाल्यालाही माहीत असावं. पंधरा माहीत असेल, तर पहिली पिन पंचवीसवर ठेवली की दुसरी साडेसदतीसवर यायला हवी, हे कॅल्क्युलेटर सांगतो. मग पाहायचं कशाला? याला आमच्याकडे रीडिंग बसवणं म्हणत. पोरं अगदी पिनेकडे न बघता, खिडकीतून बाहेर बघत रीडिंग बसवायची. उत्तर पंधरा, अगदी पंधरा, वर्षानुवर्षं पंधरा. विज्ञान असं अढळ असावं.

फक्त एका गोष्टीवर सर चिडायचे. पट्टीवर जी रेघ वाचतो ती स्टँडच्या पायाची असते. पण पिनेचं टोक पायाच्या अगदी वर असेलच असं नाही, आणि आरशाचा पृष्ठभाग तर मुळीच नाही. म्हणून आधी स्वेटर विणायची एक सुई घ्यायची, तिची लांबी पट्टीनं मोजायची, तिचं एक टोक आरशाच्या मध्याला आणि दुसरं पिनेच्या टोकाला टेकवायचं, आणि मग बेंचवरच्या रेघा काय म्हणतात ते पाहायचं. सुई वीसची आणि बेंच एकवीस म्हणत असेल, तर बेंच एक जास्त बोलतो. हा इंडेक्स एरर. मग प्रत्येक अंतरातून एक वजा करायचा. दोन्ही पिनांसाठी वेगवेगळं पाहायचं. आमच्याकडे स्वेटर कोण विणतं, म्हणून सुईऐवजी सायकलचा स्पोक दोन्ही बाजूंनी घासून ठेवला होता. "किती बी जपून पाहा, बेंच खोटा असन तर तुमचं जपणं वाया," सर म्हणायचे. पोरं सरळ शून्य लिहायची, कारण मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये शून्य होतं, आणि त्याच्या मागच्या वर्षीही.

प्रॅक्टिकलच्या दिवशी आई दारात उभी राहून म्हणाली, "बाहेरचा सर हाय. मुंडी सीधी ठेवजो." मी हो म्हणाले. मला आईला हो म्हणायची सवय होती.

आमची दुपारची बॅच. चिठ्ठी उचलली तर आरसाच निघाला. माझ्या नशिबाला मी तिथंच नमस्कार केला. बाहेरचे सर गोंदियाकडचे, पांढरा शर्ट, घड्याळ टेबलावर काढून ठेवणारे. ते फेऱ्या मारू लागले आणि मी, आईची शपथ घेतल्यासारखी, मुंडी ताठ ठेवून बसले.

मुंडी ताठ ठेवली की काय होतं, ते सांगते. पिन कुठंही ठेवा, टोकाला टोक लागलेलंच दिसतं. तीसवर लागलं, चाळीसवर लागलं, पन्नासवरही लागलेलं. सगळं बरोबर दिसतं आणि काहीच कळत नाही. मोठेबाबांचा आवाज कानात येऊ लागला. बाहेरचे सर दुसऱ्या टेबलाकडे वळले तेव्हा मी आईची मनातल्या मनात माफी मागितली आणि मुंडी हालवली.

पिन आणि प्रतिमा झटकन वेगळ्या झाल्या. मग मी कुणाकडे पाहिलं नाही. आधी स्पोक लावला. वीसचा स्पोक, बेंच म्हणतो एकवीस. पुन्हा लावला, पुन्हा एकवीस. दुसरी पिन, तिलाही एकवीस. माझ्या जर्नलमध्ये वर्षभर एखाद-दुसरा मिलिमीटर यायचा, आज अख्खा सेंटिमीटर! मला वाटलं, चुकलं. मला वाटलं, सगळे म्हणतात ते खरं आहे, एका डोळ्यानं हे होत नाही. रडू आलं होतं. पण स्पोकला डोळे लागत नाहीत. तो दोन्हीकडे टेकला होता, ते मी बोटानं चाचपून पाहिलं. तेव्हा एकवीस ते एकवीस. करेक्शन उणे एक, असं लिहिलं आणि पुढे गेले.

पहिली पिन सव्वीसच्या खुणेवर होती. मुंडी हालवत दुसरी पिन सरकवत गेले. प्रतिमा माझ्यासोबत येते, पिन उलटी जाते, म्हणजे पिन माझ्याजवळ आहे, आरशाकडे ढकल. आता पिन सोबत येते, जास्त ढकलली, मागे घे. मग दोघी जोडीनं हालल्या. साडेअडतीस.

"काय पाहून राहिली तिकडे?"

बाहेरचे सर माझ्या मागेच उभे होते. माझ्या उजवीकडे लोलकाचा प्रयोग आलेली पोरगी, डावीकडे विजेचा मीटर ब्रिज आलेला पोरगा, आणि मी मघापासून इकडे-तिकडे. "मी केव्हाचा बघतो आहे. याचं बघते, तिचं बघते. पेपर दे."

त्यांनी पेपर घेतला. लोलकाचं पाहून आरशाची रीडिंग कशी मिळणार, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं, पण परीक्षेत सर आधी कॉपी पकडतात, मग विचार करतात. त्यांनी माझं कच्चं गणित पाहिलं. सव्वीस आणि साडेअडतीस, करेक्शन न धरता येतं साडेपंधरा. त्यांनी सकाळच्या बॅचमधला याच आरशाचा पेपर काढला. पंचवीस, साडेसदतीस, इंडेक्स करेक्शन शून्य, उत्तर पंधरा. त्यावर पूर्ण मार्कांची लाल बरोबरची खूण.

"हे पाहा. हा याच बेंचवर बसला होता. याचं पंधरा, तुझं साडेपंधरा. वरून करेक्शन उणे एक, कुठून आणलं? बाजूवाल्याचं पाहून प्रयोग होत नाही."

आमचे सर कोपऱ्यात उभे होते. त्यांचं तोंड पाहूनच मला कळलं की भंडारा गेलं. आणि मग मला राग आला. मला राग आला की माझं भान सुटतं, घरचे याला मोठेबाबांवर गेली म्हणतात.

"सर, मी कोनाचं पाहून नाई राहिली," मी म्हणाले, जरा मोठ्यानंच. "मले डावा डोळा नाई. मी मुंडी हालवल्याबिगर पाहूच शकत नाई. तुमी सोता स्पोक लावून पाहा ना."

मी डाव्या डोळ्यावरचे केस हातानं बाजूला केले. सगळी प्रयोगशाळा थांबली. मला त्या क्षणी मरून जावंसं वाटलं. ज्या फुलाला आई दहा वर्षं केसांनी झाकत होती, ते मी चारचौघांत दाखवून बसले.

सरांनी डोळ्याकडे पाहिलं, मग पटकन बेंचकडे पाहिलं. खाली वाकून त्यांनी स्वतः स्पोक लावला. एकवीस. त्यांनी तो स्पोक पट्टीवर मोजला. वीस. त्यांनी पुन्हा लावला. मग आरसा धरणाऱ्या स्टँडकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी आरसा चिमटीत धरून जरा कलवला आणि मागे बोट घातलं. आरशाच्या मागून हवाई चपलेचा निळा तुकडा निघाला, पट्ट्याच्या भोकासकट. आरसा डुगडुगत होता म्हणून आमच्या लॅबवाल्या भाऊंनी परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रेमानं तो बसवला होता. चपलेच्या जाडीएवढा आरसा पुढे आला होता. बेंच बरोबर तेवढाच जास्त बोलत होता.

सरांनी माझ्या पेपरवर बोट ठेवून मनातल्या मनात एक-एक वजा केलं. पंचवीस, साडेसदतीस. पंधरा.

मग त्यांनी सकाळच्या पेपरमधूनही एक-एक वजा केलं. चोवीस, साडेछत्तीस. साडेचौदाच्याही खाली गेलं. त्यांनी पुढचा पेपर काढला, त्याच्या पुढचा. सगळीकडे शून्य, सगळीकडे पंधरा, सगळीकडे लाल खूण.

"सर," ते आमच्या सरांना म्हणाले, "सकाळची मुलं फार हुशार आहेत तुमची. आरसा सरकला, तरी ती सरकली नाहीत."

आमच्या सरांनी खाली पाहिलं. चपलेचा तुकडा परत जागच्या जागी गेला, कारण दुसरा उपाय नव्हता. सकाळच्या पेपरवरच्या लाल खुणाही तशाच राहिल्या, कारण तेवढं खोडलं असतं तर वर उत्तर द्यावं लागलं असतं. मला पेपर परत मिळाला. "पूर्ण कर. आणि हालव, जेवढी हालवायची तेवढी हालव," असं म्हणून ते दुसऱ्या टेबलाकडे गेले. नंतर आमच्या सरांकडून कळलं की रीडिंग बसवणाऱ्यांना पूर्ण मार्क होते आणि मला एक कमी. अक्षराचा. मला ते अजूनही आठवलं की चीड येते. माझं अक्षर वाईट आहे, हे खरं आहे.

आमचे सर वडिलांना मोहाडीच्या आठवडी बाजारात भेटले. वडील वांगी घेत होते. तिथं उभ्याउभ्या सरांनी बाहेरच्या सरांचा निरोप सांगितला, आणि वडिलांनी घरी येऊन तो स्वतःच्या पद्धतीनं सांगितला. "तो गोंदियाचा सर म्हणे, साऱ्या वर्गात हिलेच बरोबर पाहाता येते. मुंडी हालवते, तेच पाहाची खरी रीत हाय म्हणे. किताबात लिवलं हाय." मोठेबाबा हसले. "किताबात मुंडी हालवाले लिवलं हाय? मंग आपला नंदीबैल पीएच.डी. झाला." वडीलही थोडे हसले. आई चुलीपाशी होती. तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. आणि मोठेबाबांनी कोंढ्याच्या पाहुण्यांना यायचं सांगून टाकलं. "शब्द देल्ला हाय, पाहून जातीन. पाहाले का पैसे लागतेत?" माझा भंडारा प्रत्यक्षात त्या बैठकीवर येऊन थांबला होता. पाहुण्यांनी पसंत केलं असतं, तर गोंदियाच्या सरांना कोण विचारतं?

पाहुणे आले. मुलाची आई, मुलाचा मामा, आणि मध्यस्थ, ज्यानं "डोळ्यात जरासं हाय, दिसत बी नाई" असं सांगून ठेवलं होतं. आईनं माझे केस डाव्या बाजूला ओढून बसवले आणि कानात नेहमीचं वाक्य म्हटलं. मी ट्रे घेऊन गेले. किटली, कप, बशा. मुंडी ताठ. मी माझ्या अंदाजानं ओतू लागले, आणि चहा पहिल्या कपाच्या कडेवरून बशीत, बशीतून ट्रेवर. मुलाच्या आईनं पदर आवरला. मोठेबाबा जोरानं म्हणाले, "घाबरली पोरगी, घाबरली." मी दुसऱ्या कपाकडे वळले. तोही तसाच जाणार, हे मला दिसत होतं, म्हणजे दिसत नव्हतं.

दारात उभी असलेली आई तेव्हा बोलली. पाहुण्यांसमोर आई कधी बोलत नसे.

"हालव ना मुंडी," ती म्हणाली. "सांडून राहिली चाय."

मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, कपाकडे पाहत होती. मी केस मागे सारले आणि मुंडी हालवली, डावीकडे, उजवीकडे, अगदी मोकळेपणानं, प्रयोगशाळेत हालवली होती तशी. किटलीची चोच आणि कप आधी एकमेकांपासून सरकले. मी किटली जराशी पुढे नेली. मग ते जोडीनं हालू लागले.

सगळे कप काठोकाठ भरले, एक थेंब बाहेर पडला नाही. पाहुणे चहा पिऊन कोंढ्याला परत गेले, त्यांच्याकडून होकार आला नाही, आणि पावसाळा लागताच मी बी.एस्सी.ला भंडाऱ्याला गेले.